‘शनिवारीं रात्रीं’ म्हणजे कोणती रात्र?

आमच्या परिचयाच्या एका घरांत गेल्या उन्हाळ्यांत घडलेली एक लहानशी गोष्ट आज या सदरांत सांगावयाची आहे. घर पुण्याचें; तीन पिढ्या एकत्र नांदणारें. घरांतील थोरले काका नोकरीनिमित्त नागपुरास गेले ते तेथेंच स्थायिक झाले. आतां त्यांचें वय अठ्ठ्याहत्तर. काका व काकू दरवर्षीं उन्हाळ्यांत महिनाभर पुण्यास येतात. यंदाही येण्याचें ठरलें आणि काकांनीं मोबाईलवर, घरांतील सर्वांच्या गटावर, निरोप धाडला : “शनिवार ता. 14 रोजीं रात्रीं 12-10 च्या गाडीनें निघतों. सोबत काकू व तीन डाग आहेत. स्टेशनवर कोणी तरी यावें.”

थोरल्या पुतण्यानें कचेरींतूनच घाईनें उत्तर लिहिलें : “काका, म्हणजे नक्की केव्हां? तुम्ही लिहिलेलें कळत नाहीं.” काकांचें उत्तर तत्काळ आलें : “शनिवारीं. तारीख, वेळ दोन्ही लिहिलीं आहेत.” पुढें दोन दिवस काकांकडून एकही अक्षर आलें नाहीं. तिसऱ्या दिवशीं काकूंनीं धाकट्या जाऊबाईंना फोन करून हळूच सांगितलें, “यांच्या मनाला फार लागलें हो. म्हणतात, आतां मला साधा निरोपही लिहितां येत नाहीं असें मुलांना वाटूं लागलें.”

हें लागण्यास कारण होतें. गेल्या वर्षापासून काकांना मधून मधून नांवें आठवत नाहींत. चष्मा कोठें ठेवला तें सांपडत नाहीं. घरांत कोणी बोलून दाखवीत नाहीं, पण काकांना तें ठाऊक आहे, आणि सर्वांना ठाऊक आहे हेंही त्यांना ठाऊक आहे. अशा माणसाला “तुम्ही लिहिलेलें कळत नाहीं” हे चार शब्द प्रश्नासारखे ऐकूं येत नाहींत. पुतण्याच्या मनांत यांतलें कांहींच नव्हतें. त्याला फक्त स्टेशनवर गाडी केव्हां न्यावयाची तें हवें होतें. गंमत अशी कीं, एवढें होऊनही त्याला तें कळलें नव्हतेंच.

आतां मूळ निरोप खरोखर अस्पष्ट होता काय, तें पाहूं. रात्रीं बाराला दहा मिनिटें उलटून सुटणारी गाडी. रेल्वेच्या हिशेबानें मध्यरात्रीं तारीख बदलते. म्हणून तिकिटावर ‘शनिवार, ता. 14’ असें असेल, तर ती गाडी शुक्रवारचें जेवण आटोपून, शुक्रवारची रात्र थोडी चढल्यावर पकडावयाची असते. काकांनीं तिकीट समोर ठेवून त्यावरचाच वार उतरविला असेल तर त्यांचें वाक्य बिनचूक आहे. परंतु आपल्या बोलण्यांत ‘शनिवारची रात्र’ म्हणजे शनिवारच्या संध्याकाळनंतर येणारी रात्र. पंचांगही यालाच दुजोरा देतें. पंचांगांत वार मध्यरात्रीं बदलत नाहीं, सूर्योदयाला बदलतो. या हिशेबानें शनिवारीं रात्रीं 12-10 म्हणजे रेल्वेच्या भाषेंत रविवार ता. 15. तेव्हां काका एका हिशेबानें बोलले असतील तर शनिवारीं दुपारीं पुण्यास पोहोंचणार, दुसऱ्या हिशेबानें बोलले असतील तर रविवारीं दुपारीं. दोन्ही हिशेब बरोबर. फरक मात्र पुरत्या एका दिवसाचा.

संदिग्ध निरोपांपैकीं पुष्कळसे असेच असतात. लिहिणाराला स्वतःचा हिशेब इतका परिचयाचा असतो कीं, दुसरा हिशेब संभवतो हें त्याच्या ध्यानींही येत नाहीं. ‘परवां भेटलों’ आणि ‘परवां भेटूं’ यांत क्रियापद आहे म्हणून निभावतें; नुसतें ‘परवांचें काम’ म्हटलें कीं तें झालेलें कीं व्हावयाचें, हें एकट्या बोलणारालाच ठाऊक. ‘येत्या बुधवारीं’ आणि ‘पुढच्या बुधवारीं’ हे कोणी एकच मानतो, कोणी आठ दिवसांच्या अंतरानें मानतो. अशा वेळीं लिहिणाराच्या हातून चूक झालेली नसते. म्हणून ज्या प्रश्नांतून चुकीचा वास येतो, तो प्रश्न त्याला अन्यायाचा वाटतो. आणि तसें वाटणें रास्तच असतें.

पुतण्याच्या प्रश्नांतील शब्द आतां एकेक करून तपासूं. ‘म्हणजे?’ हा शब्द वाक्याच्या मध्यें आला तर निरुपद्रवी आहे; पण तो प्रश्नाच्या आरंभीं एकटा उभा राहिला कीं, ‘हें काय भलतेंच?’ असा सूर त्यांतून निघतो. ‘नक्की’ हा त्याहून फसवा. ‘नक्की केव्हां?’ असें विचारणारा आपल्याला निश्चित उत्तर हवें एवढेंच सांगत असतो. ऐकणाराला मात्र ‘तुमचें आधींचें उत्तर निश्चित नव्हतें’ असें ऐकूं येतें. आणि ‘तुम्ही लिहिलेलें कळत नाहीं’ या वाक्यांत न कळणें हें जणूं त्या लिहिण्याचाच गुण असल्यासारखें येतें. ‘मला कळलें नाहीं’ हें त्यापेक्षां बरें, कारण तेथें न कळण्याचा अनुभव माझा असतो. मराठीनें आपल्याला ही सोय दिलेली आहे. ‘मला वाटलें’, ‘मला दोन अर्थ लागले’, ‘माझा घोटाळा झाला’ अशा वाक्यांत समोरच्या माणसाचें नांवही घ्यावें लागत नाहीं.

परंतु केवळ ‘तुम्ही’ काढून ‘मला’ घातल्यानें काम भागत नाहीं. “काका, मला कळलें नाहीं” एवढेंच लिहिलें असतें तरी काकांनीं “शनिवारीं” हेंच उत्तर दिलें असतें. कारण काय कळलें नाहीं, हें त्यांना कोणी सांगितलेंच नाहीं. तारीख कळली नाहीं, कीं वेळ, कीं स्टेशन, कीं अक्षरच लागलें नाहीं? अशा मोघम प्रश्नापुढें माणसाला दोनच वाटा दिसतात : तेंच पुन्हा जरा मोठ्यानें सांगणें, किंवा आपल्या सबंध लिहिण्यालाच नांवें ठेवलीं असें समजून गप्प बसणें. काकांनीं आधीं पहिली धरली, मग दुसरी.

संभाषणाचा शास्त्रीय अभ्यास करणाऱ्यांनीं याच गोष्टीचा बराच विचार केलेला आहे. 1977 सालीं शेग्लॉफ, जेफरसन आणि सॅक्स या तिघां अभ्यासकांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. बोलण्यांत अडचण आली असतां ऐकणारा ती स्वतः दुरुस्त करण्यापेक्षां नुसती दाखवून देतो आणि दुरुस्तीची संधि बोलणाऱ्यालाच देतो, अशी रीत त्यांनीं त्यांत दाखविली. पुढें 2015 सालीं निरनिराळ्या 12 भाषांतील घरगुती संभाषणें तपासणारें एक संशोधन प्रसिद्ध झालें. त्यांत असें आढळलें कीं, असे खुलाशाचे प्रश्न सरासरीनें दर दीड मिनिटाच्या आंतच एकदां येतात. आणि लोक आपल्याला साधेल तितका नेमका प्रश्न विचारतात, ‘काय?’ हा मोघम प्रश्न दुसरें कांहीं साधत नसेल तेव्हांच वापरतात. म्हणजे खुलासा विचारणें ही मुळांत भांडणाची बाब नव्हेच. समोरासमोर बोलतांना आपण तें क्षणोक्षणीं करीत असतों आणि कोणाला राग येत नाहीं. लेखी निरोपांत मात्र चेहरा व आवाज हे दोन्ही साक्षीदार नसतात. म्हणून तेथें मोघमपणा अधिक झोंबतो आणि नेमकेपणा अधिक लागतो.

आतां पुन्हा पुण्याच्या घरीं जाऊं. काका रुसले हें कळल्यावर पुतण्याच्या बहिणीनें गोडीनें विचारून पाहिलें : “काका, शनिवारीं रात्रींच ना?” काका म्हणाले, “होय.” बोलणें गोड झालें, पण हातीं कांहींच आलें नाहीं, कारण ‘शनिवारीं रात्रीं’ या शब्दांचाच तर घोटाळा होता. ‘ना’ हा शब्द मोठा लाघवी आहे खरा. पण त्यांत एक दोष आहे : तो उत्तर आधींच पुढें करून होकार मागतो. वडील माणूस, त्यांतून नुकतें मन दुखावलेलें, अशा माणसाकडून ‘होय’च येणार. ज्या प्रश्नाला नकार देणें अवघड, त्याच्या होकारावर विसंबून स्टेशनवर जाऊं नये.

शेवटीं घरांतील सूनबाईनें, म्हणजे याच पुतण्याच्या पत्नीनें, काकांना स्वतंत्र निरोप लिहिला. तो आम्हांस पुढें वाचावयास मिळाला :

“ती. काका, सा. नमस्कार. तुम्ही व काकू येणार म्हणून मुलें दिवस मोजीत आहेत. स्टेशनवर गाडी आणण्याचा दिवस ठरवीत आहें. तुमची गाडी मध्यरात्रीनंतर सुटणारी असल्यानें मला दोन दिवस संभवतात असें वाटलें. तिकिटावर ता. 14 असेल, तर तुम्ही शुक्रवारीं जेवून निघाल व शनिवारीं दुपारीं येथें याल, ता. 15 असेल, तर रविवारीं दुपारीं याल. तिकिटावरची तारीख तेवढी कळवावी.”

पंधरा मिनिटांत उत्तर आलें : “तिकिटावर 14 आहे. शुक्रवारीं जेवून निघूं. मी तिकिटावरचाच वार लिहिला होता, पण तुझें म्हणणें ध्यानांत आलें. विचारलेंस तें बरें केलेंस.” घरांतील सर्वजण तोंवर रविवार धरून चालले होते. पुतण्यानें शनिवारीं दुपारीं दुसरें काम ठरविलेंही होतें. हा निरोप गेला नसता, तर अठ्ठ्याहत्तर वर्षांचे काका, गुडघ्यानें अधू झालेल्या काकू आणि तीन डाग भर उन्हाळ्यांत दुपारीं स्टेशनवर वाट पाहत बसले असते; आणि मग ‘मी लिहिलें होतें’ व ‘आम्ही विचारलें होतें’ हा वाद निराळाच.

या निरोपांत सूनबाईनें काय केलें, तें नीट पाहण्यासारखें आहे. पहिली गोष्ट, आपण कां विचारीत आहोंत तें तिनें आधीं सांगितलें : स्टेशनवर गाडी आणावयाची आहे. कारण सांगितलें कीं प्रश्न त्या कामाकडे वळतो, लिहिणाऱ्याच्या शैलीकडे वळत नाहीं. दुसरी गोष्ट, अडचण नेमकी कोठें आहे तें दाखविलें, आणि तीही मध्यरात्रीच्या गाडीच्या माथीं ठेवली. काकांच्या वाक्याला ‘अस्पष्ट’, ‘अर्धवट’, ‘संदिग्ध’ असें एकही विशेषण लावलें नाहीं. तिसरी गोष्ट, दोन्ही अर्थ सारख्याच वजनानें मांडले. यामुळें काकांना कोणताही अर्थ निवडतांना संकोच पडला नाहीं. शिवाय आपलें वाक्य कोणी तरी लक्षपूर्वक वाचून त्यावर विचार केला, हेंही त्यांना दिसलें. आणि चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : उत्तर देण्यासाठीं काकांना आठवण्याची किंवा पुन्हा समजावून सांगण्याची गरज ठेवली नाहीं. तिकीट पाहावें आणि एक आंकडा लिहावा, एवढेंच काम राहिलें. ज्याला आपल्या स्मरणशक्तीची धास्ती वाटते, त्याच्यापाशीं कागदावरचा आंकडा मागणें यांत केवढी माया आहे!

यावर कोणी म्हणेल, मग सरळ “माझीच चूक झाली, मी अगदींच मंद आहें” असें म्हणून मोकळें व्हावें. त्यांत काय बिघडलें? बिघडतें तें असें. चूक नसतांना घेतलेली चूक खोटी असते आणि ऐकणाराला ती खोटी आहे हें कळतें. मग तो ‘असें उपरोधानें तर म्हणत नाहीं ना?’ असा शोध करूं लागतो. तसेंच नेहमीं ‘तुम्ही’ म्हणणाऱ्या पुतण्यानें एकाएकीं ‘आपण कृपया स्पष्ट करावें’ असें लिहिलें, तर तें आदराऐवजीं सरकारी खुलासापत्रासारखें वाटतें. सूनबाईनें ना स्वतःला दोष दिला, ना काकांना. ‘मला दोन दिवस संभवतात असें वाटलें’ हें वाक्य अक्षरशः खरें होतें, आणि खरें असल्यामुळेंच तें टोंचलें नाहीं. रोजच्या संबोधनांत तिनें बदलही केला नाहीं.

आणखी एक गोष्ट तिनें न बोलतां केली. पुतण्याचा प्रश्न सर्वांच्या गटावर होता. तिचा काकांना एकट्याला होता. चार भावंडें आणि सहा नातवंडें पाहत असतां आपल्या वाक्याचा खुलासा करणें वडील माणसाला जड जातें. उत्तर मिळाल्यावर मात्र तिनें गटावर लिहिलें, “काका-काकू शनिवारीं दुपारीं येत आहेत,” आणि प्रश्नोत्तराचा उल्लेखही केला नाहीं.

वाचकांचा असा समज होऊं नये कीं, ही काळजी केवळ धाकट्यांनीं थोरल्यांसाठीं घ्यावयाची आहे. त्याच घरांतील दुसरा प्रसंग याच्या उलट दिशेचा आहे. सूनबाई कचेरींतून एकदां सासूबाईंना लिहिते : “आज उशीर होईल. तुम्ही जेवून घ्या.” आतां ती घरीं येऊन जेवणार कीं बाहेर जेवून येणार, हें यांत नाहीं. पूर्वीं सासूबाई लिहीत, “म्हणजे तूं जेवणार कीं नाहींस?” यांत ‘कीं नाहींस’ हे शब्द आले कीं न जेवणें हा जणूं गुन्हा ठरतो, आणि दिवसभर दमलेल्या मुलीला स्वयंपाक वायां घालविल्याचा आरोप ऐकूं येतो. अलीकडे सासूबाई लिहितात, “तुझें पान झांकून ठेवूं, कीं जेवून येतेस?” मागितलेली माहिती तीच. पण पहिल्या प्रश्नांत एक कृति आणि तिचा अभाव होता. दुसऱ्यांत दोन कृति आहेत आणि दोन्ही सारख्याच चालण्याजोग्या आहेत. थोरल्यांच्या तोंडचा ठपका धाकट्यांना उलटून बोलतां येत नाहीं, म्हणून तर तेथें शब्द अधिकच जपून वापरावयास हवेत.

या रीतीला मर्यादाही आहेत, त्या सांगितल्या पाहिजेत. दोन अर्थ मांडावयाचे तर ते दोन अर्थ आपल्याला दिसले पाहिजेत. निरोपाचा कांहींच बोध होत नसेल, तर उगाच तर्क करून पर्याय रचूं नयेत; भलते पर्याय पाहून लिहिणारा अधिक गोंधळतो. तेव्हां जेवढें समजलें तेवढें लिहावें आणि पुढचें विचारावें : “पैसे पाठवावयाचे हें समजलें, कोणाच्या खात्यावर, तें कळवावें.” समजलेला भाग आधीं सांगितला कीं, बाकीचें लिहिणेंही फुकट गेलें नाहीं असें दुसऱ्याला वाटतें. तसेंच एका निरोपांत एकच शंका असावी. पांच शंका ओळीनें क्रमांक घालून विचारल्या, तर त्या कितीही सौम्य असल्या तरी तपासणीच्या उलटतपासासारख्या दिसतात.

आणि औषधाच्या बाबतींत सौम्यपणासाठीं नेमकेपणा कधींही सोडूं नये. आजोबांचें औषध कोणी फोनवर सांगितलें, “ती पांढरी गोळी दोनदां द्या,” तर “सकाळ-संध्याकाळच ना?” असें पुटपुटून थांबूं नये. “मी आतां चिठ्ठीवर लिहून घेतें : सकाळीं एक, रात्रीं एक, जेवणानंतर. पाकिटावर नांव काय आहे तें वाचून सांगतें, तें बरोबर आहे का ऐका,” असें म्हणावें. येथेंही कोणावर ठपका नाहीं. पण संशयाला जागाही नाहीं. यावर कोणी रागावलें तर रागावूं द्यावें. दुखावलेलें मन दोन गोड शब्दांनीं सांवरतां येतें. चुकून दिलेली गोळी परत घेतां येत नाहीं.

काका-काकू शनिवारीं दुपारीं आले. पुतण्या स्टेशनवर आधींच हजर होता. डाग उचलतांना तो म्हणाला, “काका, त्या दिवशीं मी कचेरींत घाईनें लिहिलें.” काका म्हणाले, “अरे, मध्यरात्रीच्या गाडीचा घोटाळा माझ्या वडिलांपासून चालत आला आहे.” परतीचें तिकीट काढल्यावर काकांनीं आपण होऊन गटावर जो निरोप धाडला, तो असा : “गुरुवारीं रात्रीं जेवून निघणार. तिकिटावर शुक्रवार.”